दासगावचे टिपण आणि घड्याळांची वेळ

सावित्री नदीच्या काठी, भरतीच्या पाण्याबरोबर गलबते ज्या बंदरापर्यंत येत असत, ते दासगाव आपल्या ज्ञातीतील कित्येक घराण्यांचे मूळ गाव होय. ह्या गावातील घरे मुंबईच्या चाकरीवर उभी राहिली, पुढे त्यांतील काही मुले आखाताकडे गेली, आणि आता एकाच कुटुंबातील माणसे तीन-तीन देशांच्या घड्याळांवर चालतात. लग्नाची वेळ आली म्हणजे मात्र सर्वांना टिपणाची आठवण होते. पूर्वी ते टिपण जोशीबुवा करीत. आज घरातील कोणीतरी भ्रमणध्वनीवर जन्मतारीख, वेळ व गाव भरतो आणि छत्तीसपैकी किती गुण जमले हे क्षणात समोर येते. त्या क्षणात जी चूक शिरू शकते, तिचा इतिहास ज्ञातिबांधवांपुढे मांडावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. फलज्योतिष खरे की खोटे, ह्या वादात आम्ही शिरत नाही. ज्यास टिपण पाहावयाचे आहे त्याने ते बरोबर मांडलेले पाहावे, इतकेच आमचे म्हणणे आहे.

जुन्या पद्धतीत ही चूक होण्यास जागाच नव्हती. जन्माची वेळ त्या गावच्या सूर्योदयापासून घटिका व पळे मोजून लिहीत. अहोरात्राच्या साठ घटिका, म्हणजे एक घटिका आपल्या चोवीस मिनिटांची. दासगावात जन्मलेल्या मुलाची वेळ दासगावच्याच सूर्यावरून ठरे. मुंबईत किती वाजले, हे कोणास विचारण्याची गरज नसे.

घड्याळ आले आणि हा साधेपणा गेला. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ ८२ अंश ३० कला ह्या रेखांशावरून ठरविण्यात आली. ती ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास होती. मुंबईची स्वतःची वेळ मात्र ग्रिनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे, म्हणजे प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि मुंबई शहराने ती सहजासहजी सोडली नाही. रेल्वे प्रमाण वेळेवर धावे आणि महापालिकेची घड्याळे 'मुंबई टाइम' दाखवीत, असा प्रकार विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालला. तेव्हा त्या काळात मुंबईत जन्मलेल्या एखाद्या आजोबांच्या वहीत 'सकाळी ७ वाजून १० मिनिटे' असे असेल, तर ती वेळ कोणत्या घड्याळाची, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

त्यातच दुसरे महायुद्ध आले. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ ह्या काळात देशाची घड्याळे एक तास पुढे होती; म्हणजे ग्रिनिचशी अंतर साडेसहा तासांचे झाले होते. संगणकात Asia/Kolkata ह्या नावाने जी वेळेची नोंद असते, तीत हा युद्धकाळचा तास नोंदलेला आहे. मुंबईची ३९ मिनिटे मात्र तीत नाहीत. म्हणून जे सॉफ्टवेअर ही नोंद वापरते ते १९४३ च्या जन्मास तास वजा करते. जे सरसकट साडेपाच तास धरते ते करीत नाही. आणि मुंबई टाइमची वेळ दोघांनाही आपण होऊन कळत नाही. नातवंडांनी हौसेने आजी-आजोबांची टिपणे भरली आणि 'जुळत नाही' असे उत्तर आले, तर दोष त्यांच्या संसारास न देता प्रथम ह्या घड्याळांकडे पाहावे.

आता गावाच्या नावाविषयी. पुष्कळ सॉफ्टवेअरांच्या यादीत दासगाव सापडत नाही. मग कोणी महाड निवडतो, कोणी मुंबई. ह्याने बिघडते किती? गुणमेलन चंद्राच्या नक्षत्रावर व राशीवर चालते, आणि चंद्र आकाशात कोठे आहे हे जन्माच्या क्षणावर अवलंबून असते, गावावर नव्हे. महाड घेतले काय किंवा मुंबई घेतली काय, प्रमाण वेळ तीच असल्याने क्षण तोच राहतो आणि गुणांत फरक पडत नाही. लग्नराशीचे तसे नाही. ती गावच्या क्षितिजावर ठरते व सरासरी दोन तासांनी बदलते. दासगाव व मुंबई ह्यांच्या रेखांशांत सुमारे अर्ध्या अंशाचा, म्हणजे दोन मिनिटांचा फरक आहे. लग्न अगदी सीमेवर असेल तरच तो फरक बाधेल. मंगळ लग्नापासून पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असता दोष मानतात. म्हणून लग्न बदलले तर मंगळाचा दोष येऊ शकतो अथवा जाऊ शकतो. तरीही शेजारचे गाव निवडणे ही लहान चूक होय. मोठी चूक होते ती गावाबरोबर देशाची वेळ बदलते तेव्हा.

एक उदाहरण सविस्तर पाहू. त्यातील मुलगा कल्पित आहे, चंद्र मात्र खरा आहे. १ जानेवारी २००० रोजी सायंकाळी ५ वाजून ३० मिनिटांनी दासगावात एका मुलाचा जन्म झाला असे समजा. त्या क्षणी, चित्रापक्षीय अयनांशाने, चंद्र तूळ राशीत १९ अंश २८ कलांवर होता. स्वाती नक्षत्र तूळेच्या २० अंशांवर संपते व तेथून विशाखा लागते. अंतर उरले होते ३२ कलांचे. त्या दिवशी चंद्राची गती मंद, म्हणजे तासाला सुमारे ३० कला होती. तेव्हा सायंकाळी साडेसहा वाजून दोन-चार मिनिटांनी स्वाती संपून विशाखा लागली. मुलाचा जन्म त्यापूर्वी तासभर झालेला असल्याने त्याचे जन्मनक्षत्र स्वाती, ह्यात शंका नाही.

पुढे विवाहाची बोलणी निघाली. टिपण भरण्याचे काम दुबईस असलेल्या मामांनी केले. त्यांच्या भ्रमणध्वनीवर दुबईची वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे चार तास. गाव यादीत न सापडल्याने त्यांनी नाव हाताने लिहिले, आणि सॉफ्टवेअरने वेळेचा विभाग भ्रमणध्वनीचाच धरला. आता साडेपाच ही दुबईची साडेपाच झाली, म्हणजे आपल्याकडील सात. दीड तासात चंद्र आणखी ४५ कला पुढे जाऊन २० अंश १३ कलांवर पोचला, आणि मुलगा कागदावर विशाखा नक्षत्राचा झाला.

मुलीचे नक्षत्र हस्त, रास कन्या. दोन्ही उत्तरांत मुलाची रास तूळच राहते, म्हणून बरेच गुण हलत नाहीत. वर्ण ०, वश्य २, तारा १॥, ग्रहमैत्री ५, राशिकूट ० (कन्या-तूळ हे द्विर्द्वादश असल्याने), आणि दोन्ही नक्षत्रे अंत्य नाडीची व हस्त आद्य नाडीचे असल्याने नाडीचे ८. ही बेरीज १६॥ झाली. उरली योनी व गण. स्वातीची योनी महिष व हस्ताचीही महिष, म्हणून ४; दोघांचा गण देव, म्हणून ६. एकूण २६॥. विशाखेची मात्र योनी व्याघ्र, तिचा महिषाशी प्रचलित कोष्टकात १ गुण. आणि गण राक्षस, त्याचा देवगणी मुलीशी काही कोष्टकांत ०, तर काहींत १. एकूण १७॥ किंवा १८॥.

अठरा गुणांची मर्यादा आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. खरे टिपण साडेसव्वीस गुणांचे. चुकीचे टिपण कोष्टकाप्रमाणे अठराच्या आत किंवा जेमतेम वर, आणि वर राक्षसगणाचा शिक्का. मुलीकडची मंडळी 'पत्रिका जमत नाही' असा निरोप पाठवतात, आणि दोन्ही घरांपैकी कोणालाही कळत नाही की न जमलेली गोष्ट ग्रहांची नसून दासगाव व दुबई ह्यांमधील दीड तासाची होती. उलटही होते. परदेशात जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे मूळ गाव म्हणून दासगाव लिहिले, की न्यू जर्सीचा उन्हाळ्यातील जन्म साडेनऊ तासांनी सरकतो. तेवढ्या वेळात चंद्र पाच अंशांहून अधिक चालतो. नक्षत्र १३ अंश २० कलांचे असते. तेव्हा अशा दर पाच टिपणांत सुमारे दोनांचे नक्षत्रच बदलते. जन्मस्थान म्हणजे जेथे जन्म झाला ते ठिकाण, घराण्याचे गाव नव्हे, हे येथे लक्षात ठेवावे लागते.

ही चूक ओळखण्यास ज्योतिषी असण्याची गरज नाही. छापलेल्या पत्रिकेच्या माथ्यावर वेळेचा विभाग व अक्षांश-रेखांश दिलेले असतात. भारतातील जन्मास तेथे +5:30 असले पाहिजे. फक्त युद्धकाळातील वर सांगितलेल्या जन्मांस +6:30. दासगावचा अक्षांश १८ अंशांच्या किंचित वर व रेखांश ७३ अंशांहून थोडा अधिक आहे. माथ्यावर ५५ अंश रेखांश दिसला, तर मूल कागदोपत्री दुबईत जन्मले आहे असे समजावे. त्यानंतर त्या वर्षाचे छापील पंचांग काढून जन्मदिवशी चंद्रनक्षत्र किती वाजता संपले ते पाहावे. आपल्या छापील पंचांगांत ही वेळ भारतीय प्रमाण वेळेत दिलेली असते. जन्मवेळ आणि नक्षत्रसमाप्ती ह्यांत पाच-सहा तासांचे अंतर असेल, तर तासाभराच्या चुकीने नक्षत्र बदलत नाही. अंतर तासा-दोन तासांचेच असेल, तर प्रत्येक आकडा पुन्हा पाहावा. दोन पंचांगांचे अयनांश वेगळे असतील तर ही सीमाही वेगळी येते, म्हणून दोन्ही टिपणे एकाच पक्षाने मांडलेली असावीत.

ह्या तपासणीलाही मर्यादा आहे. रुग्णालयाच्या कागदावरील वेळ पुष्कळदा पाच-दहा मिनिटांनी गोळा केलेली असते. नक्षत्र त्याच दहा मिनिटांत बदलत असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर निर्णय देऊ शकत नाही. ते एक उत्तर छापते, एवढेच. अशा वेळी दोन्ही नक्षत्रांनी गुण काढून दोन्ही घरांपुढे ठेवणे, हाच प्रामाणिक मार्ग होय.

आमच्या वाडवडिलांच्या वह्यांत जन्मवेळेपुढे गावाचे नाव असे आणि घटिका-पळे असत. आता त्या ओळीत एक शब्द वाढवावा: वेळ कोणत्या देशाच्या घड्याळाची, हा. ज्या घरांत ह्या वर्षी बोलणी चालू आहेत, त्यांनी नकार कळविण्यापूर्वी पत्रिकेच्या माथ्यावरील ती एक ओळ वाचावी, अशी आमची विनंती आहे.