पक्षी उडतात, पण किती पक्षी?

मंडळी, नांदगावच्या या व्याख्यानात आज आम्ही एका लहानशा वाक्याचा इतिहास सांगणार आहोत. वाक्य तुमच्या-आमच्या ओळखीचं आहे: पक्षी उडतात.

आम्ही महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. पाठ्यपुस्तकात नियम असे की कोणतंही वाक्य आधी प्रमाण रूपात मांडायचं आणि मग तपासायचं. त्यानुसार आम्ही फळ्यावर लिहिलं, 'सर्व पक्षी उडणारे आहेत'. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, शहामृग?" वर्ग हसला. आम्ही 'सर्व' पुसून 'बहुतेक' लिहिलं. मुलगा पुन्हा उठला. "सर, ॲरिस्टॉटलच्या चार प्रकारांत बहुतेक कुठं आहे?" त्या दिवशी आम्ही वेळ मारून नेली. घरी गेल्यावर मात्र लक्षात आलं की अडचण शहामृगाची नव्हतीच. मूळ वाक्यात 'सर्व' नव्हतं आणि 'बहुतेक'ही नव्हतं. ते शब्द आम्ही बाहेरून आणून घातले होते.

आता आपली मराठी काय करते ते पाहा. 'कांदा लाल आहे' म्हटलं तर समोर ठेवलेला कांदा डोळ्यांपुढे येतो. 'कांदा लाल असतो' म्हटलं तर कोणताच एक कांदा येत नाही. 'पक्षी उडत आहेत' म्हटलं की तुम्ही वर बघाल, 'पक्षी उडतात' म्हटलं की बघणार नाही. आहे आणि असतो, हा भेद मराठी माणूस रोज करतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. या दुसऱ्या जातीच्या वाक्यांना आपण आज जातिवाचक वाक्यं म्हणू. जात म्हणजे इथे प्रकार, वर्ग.

या वाक्यांची पहिली खूण अशी की ती अपवाद पचवतात. 'नांदगावात पाऊस कमी पडतो' हे वाक्य घ्या. मध्येच एखाद्या वर्षी अतिवृष्टी होते, नदी बाजारात शिरते. म्हणून कुणी ते वाक्य मागे घेत नाही. 'सर्व' घातलेलं वाक्य असतं तर एका पावसाळ्यात ते मोडलं असतं. तेव्हा 'सर्व' बाद.

मग 'बहुतेक' घेऊ. बरेच जण इथेच थांबतात, म्हणून जरा सावकाश जाऊ. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं निघतात, समुद्राकडे धावतात आणि त्यांतली फारच थोडी मोठी होतात. जन्मलेल्या कासवांची शिरगणती केली तर बहुतेक कासवं बालपणीच मेलेली निघतील. तरीही आपण 'कासव दीर्घायुषी असतं' असं म्हणतो आणि बरोबर म्हणतो. म्हणजे बहुसंख्या नसतानाही वाक्य खरं ठरलं.

दुसरं उदाहरण बदकाचं. 'बदकं अंडी घालतात' हे खरं. अंडी फक्त माद्या घालतात, त्याही वयात आलेल्या. आता 'बदकं माद्या असतात' असं म्हणून पाहा. हे उघड चूक वाटतं. पण मोजून बघा. अंडी घालणारं प्रत्येक बदक मादीच आहे, तेव्हा माद्यांची संख्या अंडी घालणाऱ्यांपेक्षा कमी असूच शकत नाही. ज्या वाक्यामागे संख्या अधिक ते चूक आणि ज्यामागे कमी ते बरोबर! एकदा एवढं दिसलं की संख्येचा कोणताही शब्द, मग तो सर्व असो, बहुतेक असो की काही असो, इथे बसणार नाही हे कळतं. कारण संख्येचा शब्द फक्त मोजतो. गुण त्या प्रकाराशी कसा जोडलेला आहे, हे तो विचारत नाही.

कुणी म्हणेल, 'सामान्य पक्षी उडतो' असं म्हणा ना. पण सामान्य बदक कोणतं? अंडी न घालणारा नर काही असामान्य नव्हे. जे वाक्यात बसेल ते सामान्य, असं म्हणायचं तर आपण फिरून जागेवरच आलो.

हा पेच जुना आहे. शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती, यावर आपल्या वैयाकरणांत दोन पक्ष होते. वाजप्यायनाच्या मते शब्द आकृती सांगतो, म्हणजे प्रकार. व्याडीच्या मते तो द्रव्य सांगतो, म्हणजे एकेक वस्तू. पतंजलीनं महाभाष्यात हा प्रश्न घेतला आणि उत्तर दिलं की पाणिनीला दोन्ही मान्य आहेत. पुराव्यादाखल त्यानं पाणिनीची दोन सूत्रं पुढे केली. त्यातलं एक सूत्र आपल्या कामाचं आहे. त्याचा आशय असा की जाती सांगायची असेल तर एकवचनाच्या जागी अनेकवचन विकल्पानं चालतं. काशिकावृत्तीत त्यावर जवाच्या पिकाचं उदाहरण आहे. जव चांगला आला म्हणा की जव चांगले आले म्हणा, अर्थ तोच.

जव तुम्हाला परका वाटेल, तर बाजार समितीत चला. 'आज कांदा उतरला', हे वाक्य एकवचनी आहे. कोणता कांदा उतरला? कोणताच नाही. सर्व कांदे एकेक करून उतरले असंही नाही. उतरला तो कांदा नावाचा माल, तो प्रकार. म्हणून एकवचन आणि अनेकवचन यांतला फरक इथे विरघळतो. जिथे वचनच सैल पडतं तिथे 'किती?' हा प्रश्न लागू कसा पडणार? अमेरिकेत ग्रेग कार्लसन यांनी १९७७ साली आपल्या प्रबंधात इंग्रजीपुरतं हेच मांडलं, की अशी नामं थेट प्रकाराला उद्देशून असतात आणि वाक्यात लपलेला संख्येचा शब्द शोधणं व्यर्थ आहे. पाणिनीचा अभ्यासक हे वाचून जुना शेजारी भेटल्यासारखा हसेल.

पण नुसतं 'प्रकाराबद्दल आहे' म्हणून भागत नाही. प्रकाराला गुण केव्हा चिकटवायचा? डासाचं बघा. 'ॲनॉफिलिस डास मलेरिया पसरवतात'. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला, तेव्हापासून हे आपण जाणतो. यात नर चावतच नाहीत. माद्यांतही जंतू वाहणाऱ्या थोड्याच. तरी वाक्याला कुणाची हरकत नाही. सारा-जेन लेस्ली यांनी २००८ च्या सुमारास याचं कारण असं मांडलं की गुण घातक असेल तर माणसाचं मन फार थोड्या उदाहरणांवरून तो सबंध प्रकाराला लावून टाकतं. डासाच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे. मच्छरदाणी लावण्यापूर्वी कुणी टक्केवारी मागत बसत नाही.

याच्या पुढचं पाऊल २०१० साली सिम्पियन, ब्रँडोन आणि गेलमन यांच्या प्रयोगांत दिसलं. अशी वाक्यं स्वीकारायला लोकांना थोडा पुरावा पुरतो. पण तेच वाक्य नुसतं ऐकलं, तर ऐकणारा समजतो की हा गुण जवळपास सगळ्यांतच असणार. म्हणजे वाक्य आत येतं 'काही'च्या किमतीला आणि बाहेर जातं 'सर्व'च्या किमतीला. मधला फरक कुणी भरत नाही.

तो कुणी भरला, हे सांगण्यासाठीच आज आम्ही हा विषय घेतला. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू करता येऊ लागला. १९२४ साली तो पुन्हा एकत्र करून मांडला गेला. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीर गुन्ह्यांना चटावला आहे असं मानायला सरकारला कारण दिसलं, की त्या जमातीला गुन्हेगार जाहीर करता येई. वाक्याची घडण ऐकलीत ना? कर्ता जमात आहे. 'जमातीतले सर्व' असं त्यात नाही, 'बहुतेक'ही नाही.

हे 'नाही' किती कामाचं होतं ते पाहा. 'या जमातीतले सर्व लोक चोर आहेत' असं लिहिलं असतं, तर एक प्रामाणिक म्हातारी उभी करून ते खोटं पाडता आलं असतं. 'बहुतेक' लिहिलं असतं, तर मोजून दाखवा म्हणता आलं असतं. 'काही' लिहिलं असतं, तर त्या काहींवरच खटला भरावा लागला असता आणि त्यासाठी नेहमीचा दंडविधान पुरेसा होता. जातिवाचक वाक्याला यातला कोणताही वार लागत नाही. उरलासुरला मार्गही बंद होता. जमात जाहीर करणारी अधिसूचना खरी की खोटी, हे न्यायालयानं विचारायचं नाही असं कलम १८७१ च्या कायद्यातच होतं.

पुढे वाक्य प्रकारावरून माणसावर उतरलं. पारधी, कैकाडी अशा जमातींतल्या माणसांची नावं नोंदवहीत चढली, बोटांचे ठसे घेतले गेले, हजेरी लागली. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या शाळेत ठेवायचीही तरतूद झाली. सहा वर्षांच्या पोरानं काय चोरलं होतं?

आपल्या नैयायिकांनी इथे लगेच बोट ठेवलं असतं. धूर पाहून या डोंगरावर आग आहे म्हणायचं, तर धूर तिथे आग ही व्याप्ती आधी पक्की हवी. एक ठिकाण असं सापडलं की धूर आहे आणि आग नाही, तर तो व्यभिचार, आणि अनुमान कोसळलं. व्याप्ती अपवाद सोसत नाही, म्हणूनच ती एकेका डोंगरावर उतरू शकते. जातिवाचक वाक्य अपवाद सोसतं, म्हणूनच ते एकेका माणसावर उतरवता येत नाही. दोन्ही सवलती एकाच वाक्याला मिळू शकत नाहीत. त्या कायद्यानं दोन्ही घेतल्या.

एखाद्याला नोंदणीतून सूट देण्याची सोय कायद्यात होती. दयाळूपणा वाटतो. पण सूट मिळालेला माणूस अपवाद ठरे, आणि अपवादानं हे वाक्य मोडत नाही हे आपण शहामृगापासून पाहत आलो आहोत. शंभर माणसं वगळली तरी जमातीवरचं वाक्य जागच्या जागी राही.

मुंबई राज्यानं हा कायदा १९४९ साली रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभरातून गेला. कलमं रद्द करता येतात. वाक्य रद्द करायला त्याच्या विरुद्ध दाखवावं काय, हेच ठरलेलं नसल्यानं ते बोलण्यात टिकून राहतं. आमच्या लहानपणी गावात भांडं हरवलं की मोठी माणसं आधी पालांकडे बघत. पुढे ते भांडं घरातच माळ्यावर सापडे. 'ते लोक तसेच असतात' हे वाक्य मात्र कुणी मागे घेतल्याचं आम्हाला आठवत नाही. आम्हीही घेतलं नव्हतं.

म्हणून मंडळी, पक्ष्यांविषयी, कांद्याविषयी, पावसाविषयी 'असतात' खुशाल म्हणा. त्यावाचून शेती करता येणार नाही की पोरांना जग शिकवता येणार नाही. माणसांच्या गटाविषयी कुणी 'असतात' म्हणालं, तर एकच प्रश्न विचारा: काय दाखवलं म्हणजे हे वाक्य तुम्ही मागे घ्याल? उत्तर मिळालं तर मोजायला बसू. उत्तर मिळालं नाही, तर ते वाक्य समोरच्या माणसावर लावायचं नाही.

आमचा तो विद्यार्थी आज इथे असता, तर त्याला सांगितलं असतं की तुझा प्रश्न बरोबर होता आणि आमचं 'बहुतेक' चूक होतं. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.