‘पुण्याची असून जमलं की तुला!’ : कौतुकातला टोमणा कसा ओळखायचा?

समजा, लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या एका पुण्याच्या मुलीने पहिल्यांदाच पांढरा रस्सा केला आणि फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली आत्यांचा मेसेज येतो, “पुण्याची असून जमलं की गं तुला!” सोबत टाळ्यांचे तीन इमोजी. ती “थँक्यू आत्या” लिहिते, पण मनात काहीतरी खुपतं. कौतुक तर झालं, मग खुपलं काय?

खुपला तो ‘असून’. पुण्याच्या लोकांना रस्सा जमत नाही, हे त्या एका शब्दात आधीच ठरलेलं आहे. वर ‘की’मध्ये आश्चर्यही आहे. म्हणजे अपेक्षा शून्य होती. स्तुती रश्श्याची आणि फटका माहेराला. अशा बोलण्यात जवळजवळ नेहमीच एक लपलेली तुलना असते. ती तुमच्या जुन्या रूपाशी असते (“आता बरी दिसतेस”), इतरांशी असते, किंवा तुमच्या गावाबद्दल, वयाबद्दल, बाई-पुरुष असण्याबद्दलच्या ठरीव समजुतीशी असते. ओव्हुल सेझर, ॲलिसन वुड ब्रूक्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी या प्रकारावर प्रयोग केले आहेत. त्यांचा निष्कर्ष गमतीदार आहे: बोलणाऱ्याला समोरच्याचं मनही जिंकायचं असतं आणि आपण वरचढ आहोत हेही दाखवायचं असतं, पण ऐकणाऱ्याला तो माणूस आवडेनासा होतो.

आता त्याच ग्रुपवर जाऊबाई लिहितात, “वाटी छान आहे. कोथिंबीर पण ताजी दिसतेय.” यात एकही वाईट शब्द नाही. पण रश्श्याच्या फोटोखाली रश्श्याबद्दलच काही नाही! याला मिळमिळीत स्तुतीने मारणं म्हणता येईल. इंग्रजीत या प्रकाराला जे नाव आहे ते कवी अलेक्झांडर पोप यांच्या 1735 सालच्या एका कवितेतून आलं. हे काम कसं करतं, ते तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी शिफारसपत्राच्या उदाहरणाने समजावलं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी विद्यार्थ्याची शिफारस करताना शिक्षकाने फक्त ‘भाषा चांगली आहे, हजेरी नियमित आहे’ एवढंच लिहिलं, तर वाचणारा काय समजायचं ते समजतो. जे सांगायला हवं होतं तेच गाळलं, म्हणजे सांगण्यासारखं काही नव्हतं. मराठीत हेच काम ‘तसा’, ‘बऱ्यापैकी’ हे शब्द करतात. “तसा चांगला आहे” म्हटलं की ‘चांगला’ तिथेच मेला.

मनापासूनचं कौतुक वेगळं दिसतं, कारण त्यात तपशील असतो. सासूबाई लिहितात, “नारळाचं दूध घातल्यावर उकळी येऊ दिली नाहीस, म्हणून रस्सा फाटला नाही. छान.” इथे कोणाशी तुलना नाही. कौतुक केलेली गोष्ट खरोखर अवघड आहे आणि ती करणाऱ्याच्या हातातली आहे. “मीठ कमी वाटलं, पण दाटपणा बरोबर” हाही टोमणा नाही, कारण दोन्ही बाजू उघड सांगितल्या आहेत.

आणि “हे मांजरसुद्धा खाणार नाही” हा सरळ अपमान. तो जास्त क्रूर, पण त्यावर भांडता तरी येतं. टोमण्यावर बोट ठेवलं की “अगं, मी तर कौतुकच केलं!” हे उत्तर तयारच असतं. माझ्या मते खरा त्रास या पळवाटेचा आहे. त्यावर शांतपणे “आत्या, नेमकं काय जमलं?” असं विचारून बघा. मनात कौतुक असेल तर तपशील येतो, नसेल तर विषय बदलतो.

आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, व्याजस्तुती. व्याज म्हणजे बहाणा. (बँकेचं व्याज डोक्यातून काढा.) मम्मटाच्या ‘काव्यप्रकाश’मध्येही हा अलंकार आहे, आणि त्याला दोन बाजू आहेत: स्तुतीच्या आडून निंदा आणि निंदेच्या आडून स्तुती. कोल्हापूरकरांना दुसरी बाजू जास्त प्रिय. “काय जीव घेतीस का आमचा? चार वाट्या प्यालो, आता उठवंना!” असं दीर लिहितो, तेव्हा शब्द तक्रारीचे आणि पावती पैकीच्या पैकी. बाहेरगावच्या माणसाला मात्र ही भाषा भांडणाची वाटू शकते.

म्हणून शब्दांवरून लगेच निकाल देऊ नका. स्क्रीनवर आवाजाचा चढउतार येत नाही, आणि बोलण्यात काटकसर करणारी माणसंही असतात. आयुष्यात कधी कोणाला ‘छान’ न म्हणालेले सासरे “बरा झालाय” असं लिहितात, तेव्हा तो ‘बरा’ जाऊबाईंच्या कोथिंबिरीच्या जातीचा नसतो. ते इतरांना काय म्हणतात, हे ग्रुपवर थोडं मागे जाऊन वाचलं की कळतं.