भारित चल सरासरी आणि तिचे कमी विलंबाचे प्रकार

भारित चल सरासरी म्हणजे शेवटच्या ठरावीक नोंदींची अशी सरासरी, जिच्यात ताज्या नोंदीला जास्त आणि जुन्या नोंदीला कमी वजन मिळते. नवी नोंद आली की सर्वांत जुनी नोंद गळते आणि सरासरी पुन्हा काढली जाते. शेअर बाजारात भावांची रोजची खडखड गाळून कल पाहण्यासाठी तिचा वापर होतो. बंगळुरूच्या झिरोधा या दलाली कंपनीच्या काइट मंचावर राष्ट्रीय शेअर बाजाराचे आलेख पाहणाऱ्याला साधी, भारित, घातांकी, दुहेरी घातांकी, हल असे प्रकार एकाच यादीत मिळतात. यादीत ते शेजारी-शेजारी असले, तरी त्यांचे दोन वेगळे वर्ग आहेत. साध्या, भारित आणि घातांकी सरासरीत सगळी वजने धन असतात. हल आणि दुहेरी घातांकी सरासरीत काही वजने ऋण असतात. विलंब इतका कमी कसा होतो आणि रेषा भावाच्या पुढे का निघून जाते, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या ऋण वजनांत आहे.

विलंब मोजण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक नोंद किती जुनी आहे ते पाहायचे, त्या वयाला तिच्या वजनाने गुणायचे आणि बेरीज करायची. १६ कँडलच्या साध्या सरासरीत ताजी नोंद शून्य कँडल जुनी असते आणि शेवटची १५ कँडल. वजने समान असल्याने सरासरी वय साडेसात कँडल येते. भाव एकाच गतीने चढत असेल तर ही रेषा बरोबर साडेसात कँडल मागे चालते. रेषीय भारित सरासरीत ताज्या नोंदीला १६, तिच्या आधीच्या नोंदीला १५, असे करत शेवटच्या नोंदीला १ वजन मिळते आणि बेरजेला १३६ ने भागले जाते. इथे विलंब ५ कँडल असतो. पाच मिनिटांच्या आलेखावर हा फरक साडेसदतीस मिनिटे आणि पंचवीस मिनिटे असा दिसतो. घातांकी सरासरीला ताज्या भावाकडे झुकणारी म्हणून नावाजले जाते. पण रूढ सूत्राने १६ ची घातांकी सरासरी घेतली तर तिचाही विलंब साडेसात कँडलच भरतो, कारण तिची जुन्या नोंदींची शेपटी फार लांब असते.

पंचवीस मिनिटांचा विलंबही दिवसाच्या आत व्यवहार करणाऱ्याला जड जातो. मुदत कमी केली तर विलंब घटतो, पण रेषा पुन्हा खडखडू लागते. ऑस्ट्रेलियाचे ॲलन हल यांनी २००५ मध्ये वेगळी वाट काढली. त्यांच्या सरासरीचे सूत्र असे:

```
HMA(n) = WMA( 2*WMA(n/2) - WMA(n), sqrt(n) )
```

१६ च्या मुदतीसाठी ८ कँडलची आणि १६ कँडलची अशा दोन भारित सरासऱ्या घेतल्या जातात. आठची रेषा भावाच्या जवळ असते, सोळाची मागे असते. त्या दोघींतले अंतर म्हणजे सोळाची रेषा किती मागे पडली आहे याचा अंदाज. तेच अंतर आठच्या रेषेत मिळवले की रेषा पुढे ढकलली जाते. आठच्या रेषेचा विलंब सात तृतीयांश कँडल. त्याची दुप्पट करून त्यातून ५ वजा केले की उणे एक तृतीयांश उरते, म्हणजे मधली रेषा चढत्या भावाच्या किंचित पुढेच असते. ती दातेरी असते, म्हणून तिच्यावर ४ कँडलची आणखी एक भारित सरासरी फिरवली जाते. तिने एका कँडलची भर पडते आणि एकूण विलंब दोन तृतीयांश कँडलवर येतो.

एवढा फायदा फुकट मिळत नाही. एखादा शेअर आदल्या दिवसभर १५०० रुपयांवर स्थिर होता, सकाळी सव्वानऊला १५३० वर उघडला आणि तिथेच राहिला, असे समजू. ९.३० ला तिसरी कँडल पुरी होते, तेव्हा हल सरासरी १५१७ च्या वर असते. पाचव्या कँडलला, ९.४० वाजता, ती जवळजवळ १५३० ला टेकते. त्या वेळी भारित सरासरी १५१५ च्या जरा वर असते आणि साधी सरासरी १५०९ वर. पण हल सरासरी १५३० ला थांबत नाही. ९.५५ ला ती १५३७.५ पर्यंत जाते, म्हणजे तीस रुपयांच्या उडीवर आणखी पंचवीस टक्के. हाच ओव्हरशूट. दहाच्या कँडलपासून ती खाली वळते आणि १०.५० ला पुन्हा १५३० वर येऊन स्थिरावते. या सर्व वेळात शेअरचा भाव एका पैशानेही हललेला नसतो. रेषेचा उतार बदलला किंवा तिचा रंग लाल झाला की विकायचे, असा नियम पाळणाऱ्याला इथे विक्रीचा इशारा मिळतो, आणि तो निव्वळ सूत्रातून जन्मलेला असतो. सकाळच्या मोठ्या गॅपनंतर पहिल्या दीड तासात हल सरासरीच्या वळणावर भरवसा ठेवू नये, तो याच कारणाने.

वजने सुटी करून पाहिली की कारण उघड होते. १६ च्या हल सरासरीत प्रत्यक्षात १९ कँडल भाग घेतात. ताज्या आठांची वजने धन आहेत आणि त्यांची बेरीज एकावर पाव, म्हणजे सव्वा भरते. उरलेल्या अकरांची वजने ऋण आहेत आणि त्यांची बेरीज उणे पाव. भाव उडी मारून नव्या पातळीवर गेला की आधी धन वजनांच्या जागा नव्या भावाने भरतात, म्हणून आठव्या कँडलला रेषा उडीच्या सव्वापट वर दिसते. मग नवा भाव ऋण वजनांच्या जागांत शिरू लागतो आणि रेषा हळूहळू खाली येते. ही सूत्रातली चूक नाही. वजनांची बेरीज एक असावी आणि सरासरी वय शून्य असावे, अशा दोन्ही अटी धन वजनांनी पुऱ्या करायच्या तर सगळे वजन आजच्या भावालाच द्यावे लागते, आणि मग गाळणी उरतच नाही. शून्य विलंब आणि थोडीतरी गुळगुळीत रेषा एकत्र हवी असेल, तर काही जुन्या नोंदी वजा कराव्याच लागतात.

लहान मुदतीत हे हाताने तपासता येते. ४ च्या हल सरासरीची पाच वजने, ताज्या नोंदीपासून मागे जात, नव्वदांशांत ५६, ५०, उणे १, उणे १२ आणि उणे ३ अशी आहेत. तिचा विलंब बरोबर शून्य येतो. ४ जून २०२४ ला लोकसभेची मतमोजणी होती आणि निफ्टी आदल्या दिवशीच्या २३,२६३.९० वरून २१,८८४.५० वर कोसळून बंद झाला. पुढचे बंद भाव ५ जूनला २२,६२०.३५, ६ जूनला २२,८२१.४०, ७ जूनला २३,२९०.१५ आणि शनिवार-रविवारनंतर १० जूनला २३,२५९.२० असे होते. १० जूनला ४ ची भारित सरासरी २३,११७ येते. त्याच दिवशीची हल सरासरी २३,४१२ येते. म्हणजे गणितात धरलेल्या पाच दिवसांत जो सर्वांत वरचा बंद भाव, त्याच्याही १२२ अंक वर. त्या दिवशी निफ्टी ३१ अंकांनी घसरला होता, तरी रेषा वर गेली होती. ती वर ढकलली मुख्यतः ४ आणि ५ जूनच्या नीचांकी भावांनी. त्या दोन दिवसांची वजने ऋण असल्याने जुनी पडझड उलटी मोजली गेली, आणि तेवढ्यानेच सुमारे १३१ अंकांची भर पडली.

यातून ओव्हरशूट ओळखण्याची खात्रीची खूण मिळते. धन वजनांची सरासरी आपल्या गणितात धरलेल्या नोंदींपैकी सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान नोंदीच्या मधेच राहते, बाहेर जाऊच शकत नाही. रेषा गणितात धरलेल्या सगळ्या बंद भावांच्या वर किंवा खाली दिसली, तर तिथे ऋण वजने बोलत आहेत. मात्र खूण दिसली नाही म्हणजे ओव्हरशूट नाहीच, असे उलटे अनुमान काढता येत नाही. लहान ओव्हरशूट भावांच्या चढउतारात दडून जातो.

तुलनेत आणखी एक चूक सर्रास होते. १६ ची हल आणि १६ ची साधी सरासरी शेजारी ठेवून विलंब साडेसातवरून दोन तृतीयांशावर आला, असे सांगितले जाते. आकडे खरे आहेत, पण दोन्ही रेषा सारख्या गुळगुळीत नाहीत. दर कँडलला स्वतंत्र असणारी खडखड या गाळण्यांतून सोडली, तर १६ ची साधी सरासरी तिच्यातली २५ टक्के शिल्लक ठेवते, भारित सरासरी २८ टक्के आणि हल सरासरी ४९ टक्के. तेवढीच खडखड ५ कँडलची साधीसुधी भारित सरासरीही ठेवते, आणि तिचा विलंब सव्वा ते दीड कँडलच्या मधे, १.३३ इतका असतो. म्हणून न्याय्य तुलना १६ च्या हलशी ५ च्या भारित सरासरीची आहे. तिथे हलचा खरा लाभ दोन तृतीयांश कँडलचा, पाच मिनिटांच्या आलेखावर सुमारे सव्वातीन मिनिटांचा आहे, आणि त्याची किंमत पंचवीस टक्के ओव्हरशूट आहे. एकसारख्या गतीने चालणाऱ्या कलात हा सौदा परवडतो. गॅप आणि उलटसुलट उड्यांच्या बाजारात सहसा परवडत नाही.

हलच्या आधी, १९९४ मध्ये पॅट्रिक मलॉय यांनी हाच विचार घातांकी सरासरीवर लावला होता. घातांकी सरासरीची पुन्हा घातांकी सरासरी काढायची आणि पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा करायची, ही त्यांची दुहेरी घातांकी सरासरी. तिचा विलंबही शून्य येतो. १९ च्या मुदतीत ती उडीनंतर दहाव्या कँडलला नवी पातळी गाठते, विसाव्याच्या आसपास बारा टक्के पुढे जाते आणि मग फार सावकाश परतते. ओव्हरशूट हलपेक्षा बुटका, पण जास्त वेळ रेंगाळणारा.

टिम टिलसन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या टी-३ सरासरीत ही वजाबाकी अर्धवट करण्याची सोय आहे. वजाबाकीचा गुणक शून्य ठेवला तर साधी घातांकी सरासरी मिळते, एक ठेवला तर मलॉय यांची. टिलसन यांनी तो ०.७ सुचवला आणि ती क्रिया एकापाठोपाठ तीनदा केली. एका फेरीत विलंबाचा तीन दशांश भाग उरतो, तीन फेऱ्यांत नऊ दशांश. त्यामुळे त्याच मुदतीच्या घातांकी सरासरीच्या मानाने टी-३ विलंबात फारसे वाचवत नाही. तिची कमाई गुळगुळीतपणाची आहे, आणि तो जास्तीचा गुळगुळीतपणा मुदत लहान करून विलंब घटवण्यासाठी खर्च करता येतो. ओव्हरशूट तिच्यातही राहतो, कारण गुणक शून्याच्या वर असेपर्यंत ऋण वजने राहतातच. गुणक जितका लहान, तितका तो उशिरा सुरू होतो आणि तितका बुटका असतो.