दर पिढीला एक पाहुणा

वाघ, लांडगे, गवे यांच्या तुटक अधिवासांचे नियोजन करणाऱ्या मंडळींमध्ये एक आकडा सर्रास वापरला जातो. वेगळ्या पडलेल्या समूहात दर पिढीला बाहेरून निदान एक प्राणी यावा आणि तिथे त्याची पिल्ले व्हावीत, म्हणजे समूह जनुकीयदृष्ट्या एकाकी पडत नाही. समूह पन्नासांचा असो की पाचशेंचा, पाहुणा एकच. पहिल्यांदा ऐकताना हे पटत नाही. मोठ्या समूहाला जास्त पाहुणे लागायला हवेत असे वाटते. हा आकडा आला कुठून आणि वाटेत त्याच्या किती अटी गळून पडल्या, हे शोधत गेले की आपण अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या गिनीपिगच्या पिंजऱ्यांपाशी पोहोचतो.

त्या खात्याने 1906 साली एक प्रयोग सुरू केला होता. गिनीपिगची अनेक घराणी वेगवेगळी ठेवायची आणि प्रत्येक घराण्यात पिढ्यान् पिढ्या सख्ख्या भावाबहिणींचाच संकर करायचा. 1915 मध्ये सीवॉल राइट नावाचा तरुण तिथे रुजू झाला आणि साठलेल्या नोंदींचा ढीग त्याच्यापुढे आला. अंतःप्रजननाने घराणी दुबळी झाली होती, हे अपेक्षितच होते. राइटचे लक्ष वेधले ते दुसऱ्या गोष्टीने: प्रत्येक घराणे वेगळ्या दिशेने गेले होते. कुठे रंग बदलला, कुठे पांढऱ्या डागांचे प्रमाण, कुठे पिल्लांची संख्या. कोणी निवड केलेली नसताना, निव्वळ योगायोगाने, प्रत्येक घराण्याचा स्वतःचा तोंडवळा तयार झाला होता. आणि अशा दोन घराण्यांचा संकर केला की गेलेला जोम पहिल्याच पिढीत बराचसा परत येई. पुढच्या शंभर वर्षांतला सगळा वाद या दोन निरीक्षणांमध्ये बीजरूपाने आहे.

योगायोगाने होणाऱ्या या बदलाला जीवशास्त्रात जेनेटिक ड्रिफ्ट म्हणतात. त्याचे सर्वांत स्वच्छ चित्र पीटर ब्यूरीने 1956 मध्ये प्रसिद्ध केले. त्याने फळमाश्यांच्या 107 बाटल्या घेतल्या. प्रत्येक पिढीत प्रत्येक बाटलीत आठ नर आणि आठ माद्या, तेवढ्याच. डोळ्यांच्या रंगाच्या एका जनुकाचे दोन प्रकार सुरुवातीला सगळीकडे निम्मे-निम्मे होते. एकोणीस पिढ्यांनंतर 30 बाटल्यांमधून त्यातला एक प्रकार पूर्ण नाहीसा झाला होता, आणि 28 बाटल्यांमध्ये फक्त तोच उरला होता. सगळ्या बाटल्या एकत्र मोजल्या तर प्रमाण जवळपास पूर्वीइतकेच होते. म्हणजे एकूण विविधता फारशी हरवली नव्हती. ती बाटल्यांच्या आतून निघून बाटल्यांच्या मधल्या फरकांत गेली होती. ब्यूरीच्या बाटल्यांमध्ये माश्यांची अदलाबदल नव्हती. ती असती तर काय झाले असते, याचे गणित राइटने त्याच्या पंचवीस वर्षे आधी करून ठेवले होते.

1931 च्या ‘जेनेटिक्स’ नियतकालिकातल्या दीर्घ निबंधात आणि पुढच्या दोन दशकांतल्या लेखांत राइटने जे चित्र मांडले, त्याला बेटांचे प्रारूप असे नाव पडले. कल्पना करायची ती असंख्य बेटांची. प्रत्येक बेटावर N प्राणी, आणि दर पिढीला त्यांतला m इतका हिस्सा बाहेरून आलेला. बाहेरून म्हणजे शेजारच्या बेटावरून नव्हे, सगळ्या बेटांच्या सामाईक साठ्यातून. कोणतेही बेट दुसऱ्याला जवळचे नाही आणि लांबचेही नाही.

आता एका बेटावरच्या जनुकाच्या कोणत्याही दोन प्रती उचला आणि त्यांचा वंश मागे-मागे शोधत चला. प्रत्येक पायरीवर दोन गोष्टींपैकी एक घडू शकते. दोन्ही प्रती त्याच बेटावरच्या एका मूळ प्रतीतून निघालेल्या असतील; बेटावर एकूण 2N प्रती असल्याने याची शक्यता 2N मध्ये एक. किंवा दोघींपैकी एखादी बाहेरून आलेली निघेल. त्याची शक्यता साधारण 2m. पन्नास प्राण्यांच्या बेटावर पहिली शक्यता एक टक्का. दर पिढीला एक पाहुणा म्हणजे m दोन टक्के, म्हणून दुसरी शक्यता चार टक्के. एकास चार. बेट पाचशेंचे केले तर पहिली शक्यता 0.1 टक्का होते, आणि तोच एक पाहुणा आता पाचशेंत एक असल्याने दुसरी 0.4 टक्के. पुन्हा एकास चार. मोठ्या समूहात पाहुण्याचा प्रभाव दहापट पातळ होतो हे खरे, पण तिथे ड्रिफ्टही दहापट मंद असतो, आणि दोन्ही एकमेकांना छेदून जातात. उरतो फक्त Nm हा गुणाकार, म्हणजे पाहुण्यांची संख्या.

राइटने हेच असे लिहिले:

FST = 1 / (4Nm + 1)

एकूण विविधतेपैकी किती वाटा बेटांच्या आपसांतल्या फरकात आहे, ते FST सांगतो. पाहुणा नसेल तर तो शेवटी 1 होतो, ब्यूरीच्या बाटल्या जिथे चालल्या होत्या तिथे. दर पिढीला एक पाहुणा आला तर 0.2, म्हणजे ऐंशी टक्के विविधता प्रत्येक बेटावर शाबूत. दहा आले तर साधारण 0.024, म्हणजे बेटे नावापुरतीच वेगळी. शून्यावरून एकावर येताना जेवढे पदरात पडते, तेवढे पुढच्या नऊ पाहुण्यांनी मिळून पडत नाही. एकाच्या आकड्याचे आकर्षण इथे आहे.

मात्र राइटच्या लिखाणात हा एक म्हणजे धोरण नव्हते. कुठवर बेटे स्वतंत्र वाटेने जातात आणि कुठून पुढे ती एकाच प्रवाहात ओढली जातात, हे त्याला समजून घ्यायचे होते. दोन प्रकार सर्वत्र निम्मे-निम्मे असतील तर त्याच्या समीकरणातली सीमारेषा दर दोन पिढ्यांना एक पाहुणा अशी येते; त्याहून कमी असले की बहुतेक बेटे या किंवा त्या टोकाला जाऊन बसतात. आणि सगळी बेटे सारखीच दूर असणे खरे नसते, हे त्यालाच आधी ठाऊक होते. 1943 च्या निबंधात त्याने अंतरामुळे येणाऱ्या विलगतेचे वेगळे गणित मांडले, आणि मोहावी वाळवंटातल्या निळ्या-पांढऱ्या फुलांच्या एका इवल्या रोपाच्या नोंदींना ते लावून पाहिले. पुढे मोतू किमुरा यांनी पायरी-पायरीने शेजाऱ्याकडेच जाणाऱ्या स्थलांतराचे प्रारूप दिले. असे असूनही वापरात राहिले ते बेटांचेच सूत्र, कारण ते एका ओळीत मावते.

1974 मध्ये फिलिप स्पीथने दाखवले की समूह फार दुरावू नयेत यासाठी पिढीमागे एखादा स्थलांतरितही पुरतो. संवर्धनशास्त्र तेव्हा आकार घेत होते, व्यवस्थापकांना आकडा हवा होता, आणि वर्णनाचे सूत्र हळूहळू शिफारस झाले. 1996 मध्ये स्कॉट मिल्स आणि फ्रेड ॲलेनडॉर्फ यांनी या शिफारशीच्या अटी एकेक करून तपासल्या. N म्हणजे डोकी मोजून आलेला आकडा नव्हे. मोजके नर बहुतेक पिल्लांचे बाप असतील, किंवा संख्या वर्षागणिक खालीवर होत असेल, तर जनुकीय अर्थाने समूह बराच लहान असतो आणि ड्रिफ्ट वेगवान. शिवाय आलेल्या प्राण्याला हद्द मिळेल, जोडीदार मिळेल, याची हमी नसते. म्हणून एक हा तळ मानावा आणि दहापर्यंत जाण्याची तयारी ठेवावी, असे त्यांनी सुचवले. वरची मर्यादा अशासाठी की फार पाहुणे आले तर स्थानिक परिस्थितीशी जुळलेले गुण वाहून जाऊ शकतात.

त्याच्या आदल्याच वर्षी फ्लोरिडात हे प्रत्यक्ष करून पाहिले गेले होते. तिथल्या पँथर जातीच्या पंचवीस-तीस मांजरांत वाकड्या शेपट्या, न उतरलेली वृषणे, हृदयातली छिद्रे दिसू लागली होती. 1995 मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. पाच जणींना पिल्ले झाली. दोष घटले आणि संख्या पुढे तिपटीच्या आसपास गेली.

पण मला अधिक शिकवणारी वाटते ती आयल रॉयलची हकीकत. सुपीरियर सरोवरातल्या या बेटावर 1997 मध्ये गोठलेल्या पाण्यावरून चालत कॅनडाकडून एक नर लांडगा आला. संशोधक त्याला एम-93 म्हणत. तो इतका यशस्वी ठरला की दशकभरात कळपांच्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक वाटा त्याचा झाला. साथीदारीण गेल्यावर त्याने स्वतःच्याच मुलीशी जोडी केली. सूत्रात पाहुण्याची जनुके सगळ्यांच्या जनुकांत सरासरीने मिसळतात. इथे पाहुणाच सरासरी झाला. त्याच्यानंतर पुरेसे कोणी आले नाही, सगळे एकमेकांचे जवळचे नातलग झाले, आणि 2016 पर्यंत बेटावर दोनच लांडगे उरले. 2018 पासून माणसांनी बाहेरून लांडगे आणून सोडले. ‘दर पिढीला’ हे शब्द गाळून फक्त ‘एक’ लक्षात ठेवला तर काय होते, ते इथे दिसते.

आपल्याकडे हा धागा मेळघाटात येतो. संदीप शर्मा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा इथल्या वाघांच्या विष्ठेतल्या डीएनएवरून नाती जुळवली. जिथे जंगलाचा सलग पट्टा टिकून आहे, त्या सातपुडा–मेळघाट आणि कान्हा–पेंच या जोड्यांमध्ये जनुकांची ये-जा चालू होती. अशा आकड्यांकडे पाहताना एक खबरदारी हवी. सूत्र समतोलाचे आहे, आणि समतोल यायला वेळ लागतो: पन्नासांच्या समूहाला, पिढीमागे एका पाहुण्याने, साधारण वीस पिढ्या. वाघाची पिढी पाच वर्षांची धरली तर शंभर वर्षे. पाचशेंच्या समूहाला हजार. त्यामुळे गेल्या वीस वर्षांत एखादा भ्रमणमार्ग महामार्गाने तोडला असेल तरी आजचा FST निर्धास्त दिसू शकतो. तो आजोबा-पणजोबांची ये-जा सांगत असतो. म्हणून वाघाच्या बाबतीत FST वर विसंबू नये, प्रत्यक्ष आई-बाप आणि पिल्ले ओळखणारी नाती तपासावीत, असे माझे ठाम मत आहे.

ओडिशातले सिमलीपाल मात्र खरोखर बेट झाले आहे. तिथल्या काळ्या पट्ट्यांच्या वाघांचा उलगडा उमा रामकृष्णन यांच्या गटाने 2021 मध्ये केला. टॅक्पेप या जनुकातल्या एका बदलाने पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात. तपासलेल्या इतर रानटी वाघांत न सापडलेला हा प्रकार सिमलीपालमधल्या प्रतींमध्ये मात्र निम्म्याहून अधिक होता. थोडे पूर्वज, तुटलेली ये-जा, आणि ड्रिफ्ट: ब्यूरीच्या बाटलीतलेच हे दृश्य. 2024 च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी तिथे नेल्या. झीनत बाहेर पडून झारखंड आणि पश्चिम बंगालमध्ये भटकली. डिसेंबरअखेर बांकुडा जिल्ह्यात तिला बेशुद्ध करून परत आणावे लागले. गळ्यात पट्टा बांधून आणलेली वाघीण राइटच्या m मध्ये धरता येत नाही. ती धरायची तिथल्या नरापासून झालेली तिची पिल्ले मोठी होऊन त्यांनाही पिल्ले झाल्यावर, आणि तोवर पुढच्या पिढीच्या पाहुण्याची तजवीज कुठून करायची हे ठरलेले असायला हवे.