काळ्या चौकोनाचं कूळ

वर्गणी भरलेल्या ॲपवर सिनेमा लावावा, फोनची स्क्रीन टीव्हीवर मिरर करावी, तर आवाज येतो, कधीकधी सबटायटल्सही दिसतात, पण चित्राच्या जागी नुसता काळा चौकोन. त्याच ॲपमधलं कास्टचं बटण दाबलं की तोच सिनेमा त्याच टीव्हीवर बिनबोभाट सुरू होतो. ‘कॉपी होऊ नये म्हणून’ हे याचं उत्तर बहुतेकांना ठाऊक असतं आणि ते खोटं नाही. पण त्यातून या चौकोनाचं कूळ लागत नाही. माझं म्हणणं असं की हा चौकोन कुलपापेक्षा जुना आहे. आधी तो भिंतीतलं भोक होता, कुलूप त्यात मागाहून बसवलं गेलं.

पुराव्यासाठी विंडोज एक्सपीच्या काळात जावं लागेल. तेव्हा संगणकावर व्हिडिओ चालू असताना प्रिंट स्क्रीनचं बटण दाबलं, तर फोटोत प्लेअरची चौकट यायची आणि आत काळं. गंमत म्हणजे घरच्या लग्नाच्या सीडीचंही तेच व्हायचं, आणि त्या सीडीवर कुणी कसलं संरक्षण लावणार? कारण वेगळं होतं. तेव्हाच्या प्रोसेसरला सेकंदाला पंचवीस चित्रं रंगवून, ताणून पडद्यावर मांडणं जड जायचं. ते काम ग्राफिक्स कार्डातल्या ओव्हरले नावाच्या स्वतंत्र भागाकडे दिलेलं असे. विंडोज प्लेअरच्या जागी एक ठरावीक रंग, बहुधा काळ्याच्या जवळचा, भरून ठेवी, आणि कार्डाला एवढंच सांगितलेलं असे की हा रंग दिसेल तिथे व्हिडिओ दाखव. प्रिंट स्क्रीन विंडोजने रंगवलेलं उचली. व्हिडिओ त्यात कधी नव्हताच.

याची खात्री करून देणारा एक खेळ त्या काळी पोरं करत. प्लेअर चालू ठेवून तो काळा फोटो पेंटमध्ये चिकटवायचा. चिकटवला की पेंटच्या आत सिनेमा चालू! कार्डाला खिडक्या कळत नाहीत, रंग कळतो. फोटो थोडा बाजूला सरकवला की प्लेअरच्या मूळ जागेवर जेवढा भाग येई, तेवढ्यातच व्हिडिओ दिसे, बाकीचं काळं. हे बघितलेल्या माणसाला काळा चौकोन म्हणजे बंदी असं वाटणंच शक्य नाही.

माझ्या मताला तगडा प्रतिस्पर्धी आहे तो मॅक्रोव्हिजनचा. 1985 साली ‘द कॉटन क्लब’ या सिनेमाच्या व्हिडिओ कॅसेटवर हे तंत्र पहिल्यांदा आलं. चित्राच्या दोन फ्रेममधल्या न दिसणाऱ्या ओळींत मुद्दाम फाजील सिग्नल घातलेले असत. टीव्ही त्यांच्याकडे दुर्लक्ष करी. व्हीसीआरमधली सिग्नल आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा मात्र त्यांना फसे, आणि उतरवलेली कॅसेट उजळत-काळवंडत चाले. बघू द्यायचं पण उतरवू द्यायचं नाही, हा विचार इथला, आणि एचडीएमआयच्या तारेतल्या एचडीसीपी या संरक्षणापर्यंत तो सरळ चालत आला. हे मान्य. पण मॅक्रोव्हिजनचं चित्र बिघडलेलं असे, गायब नसे. स्वभाव त्याच्याकडून आला असेल, चेहरा त्याचा नाही.

चेहरा अँड्रॉइडमध्ये पुन्हा दिसतो. तिथे व्हिडिओसाठी ‘सरफेसव्ह्यू’ म्हणून एक सोय आहे. तिच्यातला व्हिडिओ ॲपच्या खिडकीच्या मागे राहतो आणि खिडकीला तेवढ्या जागी भोक पाडलं जातं, असं अँड्रॉइडची अधिकृत कागदपत्रंच सांगतात. वर बटणं आणि सबटायटल्स, खाली वेगळ्या थरात व्हिडिओ. पडद्यापाशी दोन्ही एकत्र येतात. ओव्हरलेचीच ही पुढची पिढी. आता ज्याला व्हिडिओ लपवायचा आहे त्याला नवं काही शोधावं लागत नाही. तो थर स्मृतीच्या अशा संरक्षित भागात ठेवायचा की फोनच्या नेहमीच्या प्रोग्रॅमना तो वाचताच येऊ नये, की झालं. वाइडवाइन या संरक्षणाची सर्वांत कडक पायरी, एल-वन, हेच करते.

इथे माझ्या मतावर एक खरा आक्षेप येतो. व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवतात तिच्यात सगळीकडे शून्य भरलं तर पडद्यावर काळं नाही, गडद हिरवं दिसतं. म्हणजे थर वाचता आला नाही म्हणून आपोआप काळं आलं, असं म्हणता येत नाही. आक्षेप बरोबर आहे. टीव्हीकडे जाणारा मार्ग सुरक्षित नसेल तर अँड्रॉइडचा चित्र जुळवणारा भाग त्या थराच्या जागी जाणूनबुजून काळं भरतो. पण हिरवं, निळं किंवा ‘परवानगी नाही’ अशी पाटी न लावता काळंच का? माझा अंदाज असा की हे काम करणाऱ्या पिढीला व्हिडिओच्या जागी काळं भोक बघायची सवय होती. ते बघून कुणी दचकत नव्हतं.

संरक्षण फक्त व्हिडिओवर आहे की अख्ख्या खिडकीवर, हे घरीही ओळखता येतं. मिरर केल्यावर बटणं आणि सबटायटल्स दिसत असतील, फक्त चित्र काळं असेल, तर संरक्षण व्हिडिओच्या थरावर आहे. सगळंच काळं असेल तर ॲपने अख्ख्या खिडकीवर `FLAG_SECURE` लावलेला आहे. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट निघत नाही तो बहुधा याच्यामुळेच. आणि मिराकास्टने मिरर करताना फोन आणि टीव्ही यांच्यात एचडीसीपीची बोलणी जुळली, तर चित्र येऊही शकतं. अडचण मिररिंगची नाही, वाटेच्या हमीची आहे.

कास्टचं कूळ मात्र संपूर्ण वेगळं. ते रिमोटच्या घराण्यातलं. नेटफ्लिक्स आणि यूट्यूब यांनी मिळून डायल नावाची पद्धत काढली. फोनने घरच्या वायफायवर टीव्ही शोधायचा आणि त्याला `POST /apps/YouTube` अशासारखा एक छोटा निरोप धाडायचा, की ते ॲप टीव्हीवर उघडे. 2013 साली आलेल्या पहिल्या क्रोमकास्टने हीच पद्धत उचलली, पुढे गूगलने स्वतःची आणली. निरोप बदलला तरी त्यात चित्र नव्हतं ते नाहीच. कोणता सिनेमा, कुठल्या मिनिटापासून आणि कुणाच्या खात्यावर, एवढंच फोन सांगतो. सिनेमा टीव्ही स्वतः इंटरनेटवरून आणतो, परवानाही स्वतःच्या नावाने मागतो. कुलपातून सुटका वगैरे काही होत नाही, फोनच्या कुलपाच्या वाटेनं कुणी जातच नाही. म्हणून सिनेमा सुरू झाल्यावर फोन बंद करून टाकला तरी बहुधा तो चालूच राहतो.

कास्टच्या खोडीही त्यामुळे वेगळ्या. हॉटेलच्या वायफायवर एक उपकरण दुसऱ्याला दिसू देत नाहीत, म्हणून टीव्ही सापडत नाही. टीव्हीला संरक्षणाची कडक पायरी नसेल तर फोनवर लख्ख दिसणारा सिनेमा तिथे पुसट येतो. आणि वर्गणीत एका वेळी एकच पडदा असेल तर तो टीव्हीच्या नावावर मोजला जातो. चित्र काळं, पुसट की टीव्हीच सापडत नाही, एवढं बघितलं तरी तक्रार कोणत्या घराण्याची आहे ते कळतं.