चुन्याचा लेप आणि उताराची उसनी ताकद

१८ जून १९७२ हा हाँगकाँगच्या इतिहासातला काळा रविवार. १६ ते १८ जून या तीन दिवसांत तिथे सुमारे ६५० मिलिमीटर पाऊस पडला. रविवारी दुपारी क्वुन टाँग भागातल्या साव माउ पिंग इथे रस्त्यासाठी घातलेला मातीचा भराव खालच्या वस्तीवर आला आणि ७१ माणसं गेली. त्याच रात्री नऊच्या सुमारास हाँगकाँग बेटावर, पो शान रोडवरचा डोंगरउतार सुटला. वाटेतली बारा मजली इमारत त्याने आडवी केली. तिथे ६७ जण दगावले.

अशी बातमी वाचली की दोन स्पष्टीकरणं आपोआप डोक्यात येतात. एक, पाण्याने माती जड झाली. दोन, पाण्याने माती निसरडी झाली. दुसऱ्या स्पष्टीकरणाचा समाचार मृदायांत्रिकीचे जनक कार्ल तेरझाघी यांनी १९५० सालीच घेतला होता. पाणी वंगणाचं काम करतं, ही समजूत त्यांनी साफ खोडून काढली होती. पहिल्या स्पष्टीकरणात थोडं तथ्य आहे, पण किती थोडं, ते पुढे हिशेबात दिसेल. खरी गोष्ट वेगळी आहे. कोरडा उतार अनेकदा अशा ताकदीवर उभा असतो जी त्याची स्वतःची नसते. पाऊस ती काढून घेतो.

ही ताकद म्हणजे केशाकर्षण. बारीक काचनळी पाण्यात उभी धरली की पाणी नळीत वर चढतं, हे शाळेत पाहिलेलं असतं. नळी जितकी अरुंद, तितकं पाणी उंच. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या नळीत ते सुमारे ३० सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत सुमारे ३ मीटर. वर चढलेल्या या पाण्यातला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो, म्हणजे ते ताणलेलं असतं. दर मीटरला साधारण १० किलोपास्कल या हिशेबाने तीन मीटरला ३० किलोपास्कल ओढ.

मातीत सरळ नळ्या नसतात, पण कणांमधल्या फटी असतात आणि गाळासारख्या बारीक मातीत त्या सहज इतक्या अरुंद असतात. माती पूर्ण भिजलेली नसते तेव्हा पाणी कणांच्या सांध्यांशी छोट्या वक्र थेंबांसारखं अडकून राहतं आणि दोन्ही कणांना एकमेकांकडे ओढतं. समुद्रकिनाऱ्यावरचा वाळूचा किल्ला याच ओढीवर उभा राहतो. वाळू सुकली की तो ढासळतो आणि लाट अंगावर आली तरी ढासळतो. कारण फटी पाण्याने पूर्ण भरल्या की वक्र पृष्ठभागच उरत नाही, आणि पृष्ठभाग नाही तर ओढही नाही.

या ओढीला मोजण्याजोगं रूप दिलं ते शेतीच्या प्रश्नाने. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या एडगर बकिंगहॅम या भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली मातीतल्या ओलाव्याच्या हालचालीवर एक पुस्तिका लिहिली. त्याला पडलेला प्रश्न असा, की कोरडी माती ओल्या मातीतून पाणी कशी खेचते? त्याने मातीचे उभे स्तंभ तळाशी पाण्यात ठेवले, वरून बाष्पीभवन होऊ दिलं नाही आणि पाणी स्थिरावल्यावर कुठल्या उंचीला किती ओल आहे ते मोजलं. प्रत्येक मातीचा एक वक्र मिळाला, की इतकी ओल असेल तर इतकी ओढ. माती सुकते तशी ओढ वाढते, ओली होते तशी कमी होते. याच कल्पनेला त्याने केशिक विभव असं नाव दिलं.

बांधकाम करणाऱ्यांपर्यंत हे पोचायला अर्धं शतक लागलं. तेरझाघींचा मूळ सिद्धांत पूर्ण भिजलेल्या मातीसाठी होता आणि तिथे पाण्याचा दाब कणांना दूर ढकलतो. कमी भिजलेल्या मातीत तोच दाब उणा असतो आणि कण आवळले जातात. पण फटींत हवाही असल्याने ही आवळ पूर्णपणे कामी येत नाही. किती येते, यासाठी इंग्लंडच्या ॲलन बिशप यांनी १९५९ साली एक गुणक सुचवला. तो गुणक मातीगणिक आणि ओलीगणिक बदलत असल्यामुळे वापरायला अवघड होता. पुढे १९७८ साली कॅनडात फ्रेडलुंड, मॉर्गेनस्टर्न आणि त्यांच्या सहकाऱ्याने सोपा मार्ग काढला. ओढीमुळे मिळणारी ताकद त्यांनी घर्षणापासून वेगळी मांडली आणि तिच्यासाठी एक स्वतंत्र कोन धरला.

याच काळात हाँगकाँग विद्यापीठातले प्राध्यापक पीटर लम हे प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहत होते. हाँगकाँगचे अनेक उतार ग्रॅनाइट जागच्या जागी कुजून झालेल्या मातीचे, आपल्या मुरमाच्या दूरच्या नातेवाईकाचे. गणिताने पडायला हवेत इतके ते तीव्र, आणि वर्षानुवर्षं उभे. दरडी मात्र मोठ्या पावसातच येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर आलेली नसतानाही. लम यांनी १९६२ साली मांडलं की पाऊस वरून एक ओला पट्टा तयार करतो आणि तो पट्टा हळूहळू खाली सरकतो. पट्ट्याच्या आत ओढ जवळजवळ संपलेली असते.

एक उतार घेऊन हे करून पाहू. आकडे हिशेबासाठी मी निवडलेले आहेत, पण अशा मातीला शोभणारे आहेत. उताराचा कोन ३८ अंश, मातीचा घर्षणकोन ३५ अंश. दोन मीटर खोलीवर, उताराला समांतर अशा पृष्ठावर माती घसरेल का? धरून ठेवणाऱ्या बलाला ओढून नेणाऱ्या बलाने भागलं की सुरक्षांक मिळतो. तो १ च्या खाली गेला की उतार सुटतो. फक्त घर्षण धरलं तर उत्तर येतं ०.९०. म्हणजे हा उतार आधीच पडलेला असायला हवा. आता फटींतली ३० किलोपास्कल ओढ मिळवू. तिच्यासाठीचा कोन १५ अंश धरला तर मातीला सुमारे ८ किलोपास्कल चिकटपणा मिळतो आणि सुरक्षांक १.३६ होतो. उतार निवांत उभा आहे.

मग पाऊस येतो. ही माती तासाला १८ मिलिमीटर पाणी आत घेऊ शकते असं धरू, त्याहून जास्त पाणी वरून वाहून जाईल. फटींतली जागा भरायला दर मीटर खोलीला १६० मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर ओला पट्टा दोन मीटर खाली जायला १८ तास लागतात. तिथे पोचल्यावर ओढ ३० वरून ५ किलोपास्कलवर येते आणि सुरक्षांक ०.९७. उतार गेला.

आता ओढ तशीच ठेवून फक्त मातीचं वजन वाढवून पाहू, घनमीटरला १८ ऐवजी २० किलोन्यूटन. सुरक्षांक १.३६ वरून १.३१ होतो, बस. वजन वाढलं की ढकलणारं बल वाढतं तसं घर्षणही वाढतं, म्हणून फरक थोडाच पडतो. जडपणा आणि ओढ यांतला खरा गुन्हेगार कोण, ते या दोन आकड्यांवरून कळतं.

याच हिशेबातून आधीच्या पावसाचा प्रश्न निघतो. माती आधीच ओलसर असेल आणि मीटरला फक्त ८० मिलिमीटर जागा रिकामी असेल, तर तोच पट्टा १८ ऐवजी ९ तासांत खाली पोचेल. लम यांनी १९७५ साली जुन्या दरडींच्या नोंदी तपासून लिहिलं, की आधीच्या १५ दिवसांत ३५० मिलिमीटर आणि मग २४ तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तर अनर्थ होतो. दहा वर्षांच्या आत ब्रँड आणि सहकाऱ्यांनी अधिक बारीक नोंदी घेऊन हे तपासलं. हाँगकाँगमध्ये आधीच्या पावसाला फारसं महत्त्व नाही, तासाला ७० मिलिमीटरची सर हीच धोक्याची रेषा, असा त्यांचा निष्कर्ष होता. तिथली माती पाणी भराभर आत घेते, हे त्यामागचं एक कारण. जिथे माती चिकण आणि संथ आहे तिथे आठवडाभराची रिपरिप जास्त घातक ठरू शकते. म्हणून हाँगकाँगची रेषा उचलून सह्याद्रीवर लावता येत नाही. बेसॉल्टवरच्या मातीच्या फटी वेगळ्या, पाणी मुरण्याचा वेग वेगळा.

हाँगकाँगच्या अभियंत्यांकडे या सिद्धांताच्या आधीपासून एक उपाय होता आणि त्याचं नाव वाचून मी थबकलो होतो. उतारांवर ते चुनम लावत. शब्द आपल्या चुन्याचा सख्खा भाऊ आहे, तमिळ चुण्णाम्बुवरून इंग्रजीत गेलेला आणि वसाहतींच्या वाटेने पुढे पोचलेला. एक भाग सिमेंट, तीन भाग चुना आणि वीस भाग तीच कुजलेल्या ग्रॅनाइटची माती यांचा हा लेप. त्याची स्वतःची ताकद नगण्य. तो दरड धरून ठेवत नाही. तो फक्त पाणी बाहेर ठेवतो, म्हणजे आतली ओढ राखतो. मात्र लेपाला भेग पडली, तिच्यात झाड रुजलं किंवा मागे एखादी पाण्याची वाहिनी गळू लागली, की पाणी आत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून अशा उताराची पाहणी करताना लेपातल्या भेगा, तुंबलेली गटारं आणि कोरड्या दिवसांत दिसणारी ओल आधी बघतात.

लेप पुरत नाही अशीही एक माती असते. २५ ऑगस्ट १९७६ रोजी साव माउ पिंगलाच पुन्हा एक भराव सुटला, खालच्या इमारतीच्या तळमजल्यात शिरला आणि १८ माणसं गेली. चौकशीसाठी नेमलेल्या तज्ज्ञमंडळात लम होते आणि मॉर्गेनस्टर्नही. हा भराव वरून नुसता ओतलेला होता, दाबलेला नव्हता. अशा सैल मातीत कण ओढीच्या आधारावर एकमेकांवर कसेबसे रचलेले असतात. ओढ गेली की रचनाच कोसळते. कण जवळ येऊ बघतात, पण फटींतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ नसतो. भार क्षणात पाण्यावर येतो आणि माती घसरत नाही, चिखल होऊन धावते. मंडळाने सांगितलं की अशा सगळ्या भरावांची वरची किमान तीन मीटर माती काढा आणि थरांनी दाबून पुन्हा भरा. म्हणजे ओला पट्टा जिथवर पोचतो ती माती ओढीशिवायही उभी राहील अशी करा. १९७७ साली उतारांवर देखरेख करणारं स्वतंत्र सरकारी कार्यालय तिथे सुरू झालं.

ओढ मोजता येते. सच्छिद्र चिनी मातीचं टोक असलेली पाण्याने भरलेली नळी जमिनीत रोवतात, माती टोकातून पाणी खेचते आणि वरचा काटा हलतो. पण ८० ते ९० किलोपास्कलच्या पुढे नळीतल्या पाण्यात बुडबुडे येतात आणि मोजणी थांबते. त्याहून मोठी अडचण ही, की आज मोजलेला आकडा उद्याच्या पावसापुरताही टिकेल याची हमी नाही. म्हणून नवा उतार आखताना सावध अभियंता ओढ शून्य धरतो. जुने उतार मात्र कोणी आखलेले नसतात. त्यांतले कित्येक ०.९० चे आहेत, अजूनही उभे आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी घरं आहेत. एखादा उतार पन्नास पावसाळे टिकला याचा अर्थ एवढाच, की ओला पट्टा अजून तिथवर पोचलेला नाही.