सीईए वाढला म्हणजे आतड्याचा कॅन्सर का?

बावन्न वर्षांचे एक शेतकरी भोकरदनहून आले आहेत असे समजा. जालन्यात ‘फुल बॉडी चेकअप’ केले, त्यात सीईए ६.८ आला आणि घरात कुणाला झोप नाही. पोटाची तक्रार काहीच नाही. रोज एक बंडल बिडी मात्र आहे.

सीईए हे एक प्रथिन आहे. आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी ते रक्तात सोडतात, पण निरोगी पेशीही थोडे तयार करतात. बहुतेक लॅब ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरपर्यंत नॉर्मल धरतात. धूम्रपान, कावीळ, लिव्हर सिरॉसिस, स्वादुपिंडाची किंवा आतड्याची सूज यांतही आकडा थोडा वर जातो. त्यामुळे या शेतकऱ्यांच्या ६.८ ला बिडी हे पुरेसे कारण असू शकते. त्यांची नीट विचारपूस आणि तपासणी करावी, बिडी सोडायला सांगावे आणि काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. आकडा चढतच गेला, तर मात्र कारण शोधायला हवे.

मला खरी भीती उलट्या प्रकाराची वाटते. शौचातून रक्त पडते, मूळव्याध समजून वर्षभर मलम लावले, मग सीईए केला. तो २.१ आला आणि सगळे निश्चिंत झाले! सुरुवातीच्या टप्प्यातील आतड्याच्या कॅन्सरमध्ये सीईए बऱ्याचदा नॉर्मलच असतो. रक्त पडणे, शौचाची सवय बदलणे, कारण नसताना हिमोग्लोबिन किंवा वजन उतरणे, यासाठी गुदद्वाराची तपासणी आणि कोलोनोस्कोपी लागते. गाठ दिसली तर तुकडा काढून बायोप्सी होते, आणि निदान तिच्यावरच ठरते.

सीए १९-९ चेही तसेच आहे. पित्तनलिकेत खडा अडकून कावीळ झाली तरी तो शेकड्यांत जातो आणि अडथळा काढल्यावर उतरतो. काही लोकांच्या शरीरात तो जन्मतः तयारच होत नाही. त्यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर असला तरी रिपोर्ट नॉर्मल येतो.

मग सीईए करायचा कधी? निदान झाल्यावर. समजा ऑपरेशनपूर्वी तो ४२ होता. गाठ पूर्ण निघाली असेल तर साधारण चार ते सहा आठवड्यांत तो नॉर्मलला येतो, समजा २.४. पुढे पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी पाहतात. दीड वर्षाने तो ५.६ आला, तर लगेच केमो सुरू करत नाहीत. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा केला आणि ९ झाला, तर सीटी स्कॅन करतात. यकृतात एखादीच गाठ असेल आणि ती वेळेत सापडली, तर ती ऑपरेशनने काढता येण्याची शक्यता असते.

केमो चालू असताना आकडा काही काळ वाढू शकतो. शिवाय लॅबनुसार पद्धत बदलते, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये चाचणी करा. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईला दाखवायला जाताना फक्त शेवटचा नव्हे, ऑपरेशनपूर्वीच्या रिपोर्टसह सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.